नऊ हजारांचे स्नीकर्स आणि चौदाव्या वर्षाचा पाय

नववीतल्या मुलाने मोबाइलवर दाखवलेले स्नीकर्स नऊ हजारांचे आहेत की अडीच हजारांचे, हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायचं ते असं: ते त्याच्या पायात किती महिने बसणार आहेत? बुटाची किंमत त्या महिन्यांनी भागली की जो आकडा येतो, तीच त्या बुटाची खरी किंमत. हा भागाकार सणसवाडीतल्या घरात बसून, एक कागद, एक पेन्सिल आणि शाळेची पट्टी घेऊन करता येतो. त्यासाठी वाघोलीच्या ट्रॅफिकमधून विमाननगरच्या मॉलपर्यंत जायची गरज नाही. जायचंच असेल तर हा हिशेब हातात घेऊन जा.

मोजायची पद्धत सोपी आहे, पण बहुतेक घरांत ती चुकते, कारण पाय खुर्चीत बसून मोजला जातो. बसल्यावर पायावर भार नसतो. उभं राहिल्यावर तळव्याची कमान थोडी दबते आणि पाय लांबीला नि रुंदीला वाढतो. म्हणून जमिनीवर कागद ठेवा, त्याची कड भिंतीला टेकवा. मुलाला शाळेचे मोजे घालून, टाच भिंतीला लावून, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन सरळ उभं करा. पेन्सिल उभी धरून सगळ्यांत पुढे आलेल्या बोटाशी खूण करा. ते बोट अंगठाच असेल असं नाही, पुष्कळांचं अंगठ्याशेजारचं बोट लांब असतं. दोन्ही पाय मोजा, कारण एक जवळजवळ नेहमीच मोठा असतो, आणि बूट मोठ्या पायाचा घ्यायचा. मोजमाप संध्याकाळी करा. दिवसभर शाळा, ग्राउंड, सायकल झाल्यावर पाय किंचित सुजलेला असतो. सकाळी मापात बसलेला बूट संध्याकाळी चावतो तो यामुळेच.

तो कागद फेकू नका. तारीख घालून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा आणि तीन महिन्यांनी त्याच कागदावर पुन्हा खूण करा. आपल्या कामाचा आकडा आहे तो या दोन खुणांमधला फरक. एकट्या मापावरून फारसं कळत नाही.

समजा, साडेतेरा वर्षांच्या मुलाचा मोठा पाय जूनमध्ये, शाळा उघडताना, 24.1 सेंटिमीटर होता आणि सप्टेंबरमध्ये 24.4 झाला. म्हणजे महिन्याला एक मिलिमीटर. ऐकायला किरकोळ वाटतं. पण आपल्याकडे बुटावर जो यूकेचा नंबर असतो, त्यातल्या एका नंबरापासून पुढच्या नंबराचं अंतर एक तृतीयांश इंच, म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर असतं. या वेगाने हा मुलगा वर्षात जवळजवळ दीड नंबर पुढे जाणार.

आता बूट. नवा बूट घालून उभं राहिल्यावर सगळ्यांत लांब बोटाच्या पुढे 10 ते 12 मिलिमीटर मोकळी जागा हवी. चालताना पाय बुटात पुढे सरकतो, त्यासाठी ही जागा. ती 5 मिलिमीटरच्या आसपास आली की बोटं पुढे आपटायला लागतात, अंगठ्याचं नख काळं पडतं किंवा कडेने मांसात रुततं. म्हणजे वाढीसाठी प्रत्यक्षात हाताशी असतात सुमारे सात मिलिमीटर. महिन्याला एक या वेगाने सात महिने.

नऊ हजार भागिले सात: महिन्याला जवळजवळ 1,285 रुपये. तोच मुलगा 2,200 रुपयांच्या जोडीत फिरला तर महिन्याला साधारण 315. महागडा बूट जास्त टिकतो, हे खरंच आहे. त्याची शिवण, सोल, चिकटवण चांगली असते. पण वाढत्या पायाला या टिकाऊपणाचा उपयोग होत नाही. बूट दोन वर्षं टिकेल आणि पाय सात महिन्यांत बाहेर पडेल. उलट, दोन हजारांच्या जोडीचा सोल रोजच्या वापराने आठ-दहा महिन्यांत झिजतो, तोवर पायही त्यातून बाहेर आलेला असतो. दोघं बरोबरच संपतात.

मग हा हट्ट कायमचा नाकारायचा का? नाही, आणि इथेच कपाटाच्या दारावरचा कागद उपयोगी पडतो. पायाची वाढ उंचीच्या आधी थांबते. मुलींचा पाय साधारण तेरा-चौदाच्या सुमारास आणि मुलांचा पंधरा-सोळाच्या सुमारास पूर्ण लांबीला येतो, अर्थात यात वर्ष-दीड वर्ष मागेपुढे होतंच. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर 2021 ते मार्च 2022 या काळात देशभरातल्या एक लाखाहून जास्त लोकांचे पाय मोजले. भारतीय मुलींच्या पायाची वाढ अकराव्या वर्षाच्या आसपास शिगेला पोचते आणि मुलांची पंधरा-सोळाव्या वर्षी, असं त्यात आढळलं. म्हणून आठवीतल्या मुलीला आणि आठवीतल्या मुलाला एकच नियम लावता येत नाही. तिचा पाय कदाचित थांबत आला असेल, तिच्या भावाचा अजून सुरूच आहे.

कागदावर लागोपाठ दोन वेळा, म्हणजे सहा महिने, खूण हलली नाही की हिशेब उलटतो. तेच नऊ हजारांचे स्नीकर्स दोन वर्षं वापरता आले तर महिन्याला 375 रुपये पडतात, आजच्या स्वस्त जोडीपेक्षा थोडेच जास्त. मुलाला 'परवडत नाही' असं सांगण्यापेक्षा हे सांगणं सोपं जातं: पाय थांबला की घेऊ, कागद तूच बघ. माझ्या मते चौदा वर्षांच्या पोराला हा युक्तिवाद पटतो, निदान वादाला तरी जागा राहत नाही.

वाढत्या अंगाचे बूट

आपल्याकडचा जुना उपाय म्हणजे शर्ट-पँटप्रमाणे बूटही वाढत्या अंगाचे घेणे. दीड-दोन नंबर मोठे घ्यायचे, पुढे कापूस कोंबायचा, दोन वर्षं बघायचं नाही. कपड्यांत हे खपतं, बुटात नाही, कारण बूट ठरावीक जागी वाकायला बनवलेला असतो. चालताना पाय चवड्यापाशी, बोटांच्या मुळाशी, वाकतो. बूट दोन नंबर मोठा असला की त्याची वाकायची जागा पायाच्या वाकायच्या जागेपुढे जाते. टाच प्रत्येक पावलाला वर निघते, तिथे फोड येतो, आणि बूट धरून ठेवायला मुलगा नकळत बोटं आत मुडपून चालतो. पीटीच्या तासाला धावताना पाय मुरगळतो तो वेगळाच. वाढीसाठी जास्तीत जास्त अर्धा नंबर सोडा. वर सांगितलेल्या 12 मिलिमीटरमध्ये वाढीचा वाटा धरलेलाच आहे.

उलट बाजूचा धोका फॅशनमधून येतो. दुकानात हव्या त्या रंगाची एकच जोडी उरली आहे आणि ती अर्धा नंबर लहान आहे, अशा वेळी 'नाही पप्पा, अजिबात लागत नाही' हे उत्तर तुम्हाला मिळणारच. तोंडाचं ऐकू नका, पायाचं बघा. दोन्ही बूट घालून, नाड्या बांधून त्याला दहा मिनिटं दुकानात फिरू द्या, मग बूट-मोजे काढून पाय पाहा. करंगळीच्या बाहेरच्या कडेला, टाचेच्या मागे किंवा बोटांच्या वर लाल वळ दिसला तर ती जोडी परत. बुटाचा सुकतळा निघत असेल तर तो जमिनीवर ठेवून मुलाला त्यावर उभं करा. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा दिसली पाहिजे आणि पाय कडेने बाहेर सांडता कामा नये.

कडेने सांडणं ही आपली खास अडचण आहे. वरच्याच पाहणीचा आणखी एक निष्कर्ष असा की भारतीय पाय युरोपीय पायांपेक्षा रुंद असतात. आपण मात्र यूके आणि युरोपच्या मापांचे बूट घालतो, म्हणूनच 'भा' नावाची स्वतंत्र भारतीय मापपद्धती सुचवली गेली. ती रुळेपर्यंत होतं असं की रुंदीला बसावा म्हणून लोक लांबीला मोठा बूट घेतात. सध्या चलनात असलेल्या जुन्या धाटणीच्या सडपातळ, चपट्या स्नीकर्समध्ये हे हमखास घडतं. मुलाचा पाय रुंद असेल तर नंबर वाढवण्याऐवजी मॉडेल बदला. पुढून गोल, जाळीचं वरचं कापड असलेलं मॉडेल पायाला थोडी जागा करून देतं, कडक चामड्याचं देत नाही.

टाचेचं एक दुखणंही इथेच सांगून ठेवतो. साधारण आठ ते चौदा या वयात टाचेच्या हाडाच्या मागच्या भागात वाढीची कूर्चा असते. पळणं-उड्या जास्त झाल्या की ती दुखते, मुलगा टाच उचलून चालायला लागतो. अशा वेळी पातळ, सपाट सोलचे फॅशनेबल स्नीकर्स खेळाच्या तासाला नकोत. टाचेखाली थोडी उंची आणि मऊपणा असलेले धावण्याचे बूट हवेत. दुखणं दोन-तीन आठवडे राहिलं तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. पालकांना वाटतं बूट नवा आहे म्हणून चावतोय, आणि महिना जातो.

नंबर वाचू नका, सेंटिमीटर वाचा

खोक्यावरच्या पांढऱ्या लेबलवर यूएस, यूके, युरोप असे तीन-चार आकडे असतात, आणि त्यांच्याच ओळीत बहुधा सेंटिमीटरही असतो. आपण यूके बघतो आणि फसतो. नाइकीच्या तक्त्यात यूके 6 हा एकच आकडा दोन लांबींपुढे येतो, 24.5 सेंटिमीटर आणि 25 सेंटिमीटर. त्यामुळे 'माझा नंबर सहा' या बोलण्याला फारसा अर्थ नाही. हा सेंटिमीटर पायाच्या लांबीचा असतो, बोटांपुढची जागा त्यात कंपनीने आधीच धरलेली असते. आपल्या 24.4 वाल्या मुलाला 24.5 आज बसेल, वाढ चालू आहे म्हणून 25 घ्यावा. त्याहून मोठा नको.

याच मापाशी एक फायद्याची गोष्ट दडली आहे. मोठ्या कंपन्या तेच मॉडेल 'ज्युनिअर' किंवा 'ग्रेड स्कूल' मापातही काढतात. नाइकीचं सगळ्यांत मोठं ज्युनिअर माप 7वाय, म्हणजे 25 सेंटिमीटर. त्याच रंगातली तीच जोडी ज्युनिअर मापात बऱ्याचदा पाव भाग स्वस्त असते. आपला मुलगा नेमका त्या शेवटच्या मापावर उभा आहे. फरक असा की ज्युनिअर जोडीत सोलमधली गादी कधी कधी साधी असते. गल्लीत मिरवायला त्याने काही बिघडत नाही. मात्र पुढची जोडी मोठ्यांच्या किमतीत घ्यावी लागणार, हे धरून चाला.

मुलाला न नेता खरेदी करायची वेळ येते, कारण कंपनीच्या शिफ्टमधून सुटलेला बाप परस्पर पुण्याला जातो. त्यासाठी जाड पुठ्ठ्याची दोन बोटं रुंद पट्टी कापा, लांबी पायापेक्षा 12 मिलिमीटर जास्त, म्हणजे आपल्या मुलासाठी 25.6 सेंटिमीटर. ती बुटात टाचेपासून पुढपर्यंत सरकवा. न वाकता सपाट बसली तर लांबी बरोबर आहे. वर वाकली तर बूट लहान. पुढे-मागे खूपच हलली तर मोठा. रुंदी या पट्टीने कळत नाही, म्हणून बदलून देण्याची मुदत बिलावर लिहून घ्या.

खिशातून किती

सध्या बाजारात साधारण तीन पायऱ्या आहेत. स्पार्क्स, कॅम्पस, एशियन यांसारख्या देशी कंपन्यांचे रोजचे स्पोर्ट शूज आठशे ते दोन हजारांत मिळतात, शिक्रापूरच्या दुकानातही आणि ऑनलाइनही. प्यूमा, रेड टेप किंवा नाइकी-आदिदासच्या साध्या मॉडेलना सवलतीत दोन ते पाच हजार पडतात. मुलांच्या तोंडी ज्यांची नावं असतात, ते सांबा आणि जॉर्डन, सात-आठ हजारांपासून पुढे. (तुलनेसाठी: सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतल्या मुलांना बूट आणि दोन जोड पायमोजे देण्याचा निर्णय राज्य सरकारने 2023 मध्ये घेतला, तेव्हा दर विद्यार्थ्यामागे 170 रुपये धरले होते.)

दुसऱ्या पायरीवर कराची एक रेघ आहे, ती माहीत असावी. 22 सप्टेंबर 2025 पासून 2,500 रुपयांपर्यंतच्या जोडीवर जीएसटी 5 टक्के आहे, त्यावर 18. ही 2,500 ची मर्यादा कर धरण्याआधीच्या विक्री किमतीला लागते, खोक्यावर छापलेल्या कमाल किमतीला नाही. म्हणजे करासह 2,625 रुपयांपर्यंतची जोडी 5 टक्क्यांत बसते. छापील किंमत साडेचार हजार आणि सवलतीनंतर 2,600 असेल, तर बिलावर 5 टक्केच दिसायला हवेत. रेघेच्या जराशी वर गेलेली जोडी करासह एकदम 2,950 च्या घरात जाते. म्हणून 2,700 ते 3,000 च्या पट्ट्यातली जोडी आवडली तर थोडी घासाघीस करून किंवा कूपन लावून ती रेघेखाली येते का, हे बघणं फायद्याचं.

घरातली वाटणी मी अशी सुचवीन. शाळेचे काळे बूट वेगळे धरा, ते जूनमध्ये घ्यावेच लागतात. स्नीकर्ससाठी पालकांनी गरजेपुरती रक्कम द्यावी, आपल्या उदाहरणात 2,200. त्याहून महाग हवे असतील तर वरचा फरक मुलाच्या पैशातून: दिवाळीला आजीने दिलेले, मामाने वाढदिवसाला दिलेले. नऊ हजारांसाठी त्याला 6,800 घालावे लागतील, हे कळल्यावर पुष्कळ पोरं स्वतःहून साडेतीन हजारांवर येतात. एखादा खरंच साठवून आणतो. मग घेऊ द्यावेत, फक्त माप कागदावरचं.

खरेदी पावसाळ्यानंतर करावी. नगर रोडची धूळ पांढऱ्या स्नीकर्सना पुरेशी आहे, त्यात जून ते सप्टेंबर आपल्याकडच्या काळ्या मातीचा चिखल. सांबासारख्या मॉडेलवर पुढे मऊ, केसाळ चामड्याचा तुकडा असतो, तो एकदा गढूळ पाण्यात भिजला की पूर्वीसारखा होत नाही. सवलतीही नवरात्र-दिवाळीच्या आगेमागे मिळतात आणि कंपनीचा बोनसही त्याच सुमारास हातात येतो.

राहिला 'फर्स्ट कॉपी'चा मोह. दीड-दोन हजारांत जॉर्डन मिळतो, मित्रांना ओळखू येत नाही, मग काय हरकत? ती बेकायदा नक्कल आहे हे तर झालंच, पण ग्राहक म्हणून अडचण मापाची आहे. नकली जोडीवर छापलेला सेंटिमीटर कुठल्याच तक्त्याला बांधलेला नसतो, आतला सुकतळा पातळ फोमचा असतो, सोल नुसता चिकटवलेला असतो, आणि बिल नसल्याने परत करायची सोय नाही. त्याच दोन हजारांत मिळणारा खरा देशी बूट पायाला जास्त बरा. ऑगस्ट 2024 पासून पादत्राणांच्या अनेक प्रकारांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं आहे. चिन्हासोबतचा परवाना क्रमांक बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकला की तो कोणत्या कंपनीचा, हे दिसतं.

भल्यामोठ्या सवलतीतला बूट घेताना खोक्यावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष वाचा. काही सोलमध्ये पॉलियुरेथेनचा थर असतो. तो हवेतल्या ओलाव्याने न वापरताही काही वर्षांत ठिसूळ होतो, आणि नव्याकोऱ्या दिसणाऱ्या बुटाचा सोल पहिल्याच महिन्यात भुगा होऊन सुटतो. तीन-चार वर्षांपूर्वीचा माल असेल तर सोडून द्या. 'पुढच्या वर्षासाठी' म्हणून सेलमध्ये मोठ्या मापाची जोडी घेऊन माळ्यावर टाकण्यातही हाच धोका आहे, शिवाय वर्षभरात मुलाला ते मॉडेल आवडेनासं झालेलं असतं.

ऑनलाइन जोडी आली की घरात चटईवर, नाहीतर खोक्याच्याच पुठ्ठ्यावर घालून बघा. सोलला मातीचा डाग लागला की बदलून मिळत नाही. टॅग आणि खोका मुदत संपेपर्यंत ठेवा. माप चुकलं तर बदली दुकानाच्या धोरणावर अवलंबून असते, त्याचा कायद्याने हक्क नाही. सदोष माल ही गोष्ट वेगळी: बिलावर मुदत लिहिलेली असेल तर त्या मुदतीत आणि नसेल तर तीस दिवसांत सदोष वस्तू परत घ्यायला नकार देणं, ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' अशी पाटी दुकानात लावल्याने ती टळत नाही. उसवलेल्या सोलचा फोटो काढा, बिल काढा आणि आधी दुकानदाराला लेखी कळवा, व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं तरी चालेल. दाद लागली नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, मराठीतूनसुद्धा.